'फक्त प्रूफ बघा' म्हणून ४६ पानी करारनामा आलाय, कोटेशन कसं देऊ?

शाईची_बाटली

मंडळी मदत हवीये. मी नाशिकला घरून प्रूफं बघते, त्याआधी अकरा वर्षं छापखान्यात होते, दिवाळी अंक, गाईडं, स्मरणिका सगळं केलंय. पण कायद्याचं काम पहिल्यांदाच आलं. ठाण्याच्या एका सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा विकसन करारनामा आहे, ४६ पानं, साडेतेरा हजाराच्या आसपास शब्द. मूळ इंग्रजी मसुदा वकिलांचा, हे त्याचं मराठी भाषांतर, दुसऱ्याच कोणीतरी केलेलं. ज्यांच्यामार्फत काम आलं ते म्हणाले "ताई फक्त प्रूफ बघायचंय, दोन दिवसांत द्या, पानाला ३० रुपये."

मी पाच पानं ट्रायल म्हणून वाचायला घेतली आणि दोन तास दहा मिनिटं गेली. कारण शुद्धलेखन हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. एका ठिकाणी बिल्डर सभासदांना देणार ते मासिक भाडं आकड्यात २२,००० आणि अक्षरी पंचवीस हजार. एका ठिकाणी "कलम ९.३ मध्ये नमूद केल्याप्रमाणे" आणि ९.२ नंतर थेट १० सुरू. आणि "सदर इमारत" हा शब्द पहिल्या पानावर आत्ता उभी असलेली जुनी इमारत म्हणून दिलाय आणि पुढे "सदर इमारतीचा भोगवटा दाखला मिळाल्यानंतर", म्हणजे नवी.

आता हे मी दुरुस्त करू का नुसतं दाखवू का काहीच न बोलता ऱ्हस्वदीर्घ बघून मोकळी होऊ? आणि पैसे कशाचे मागू?

बिनधास्त_बारामती

ताई एवढं टेन्शन नको. प्रूफ म्हणजे प्रूफ, चूक दिसली की सुधारायची. अक्षरी आणि आकडा वेगळा असेल तर कायद्याने अक्षरीच धरतात, तेव्हा २२ चं २५ करून टाका. इमारतीच्या मागे "नवीन" लावा. तासाभराचं काम.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्याही सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, ३२ मेंबर. सहकारी संस्था कायद्याच्या ७९अ खाली सगळी प्रोसिजर केली, सभा झाली, निबंधक कार्यालयाचा माणूस येऊन बसला होता. पण बिल्डर आता सभासदांना द्यायच्या कॉर्पसच्या रकमेत घासाघीस करतोय. आधीच्या पत्रात वेगळी रक्कम आणि ड्राफ्टमध्ये वेगळी. आम्ही सही करावी का?

खरेदीखत

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या प्रश्नाला वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न हरवेल. पण पत्रात एक आणि ड्राफ्टमध्ये एक, तर सही करू नका, एवढं आत्ताच सांगते.

शाईताई, मी ठाण्यातच वकिली करते, कन्व्हेयन्सिंगचंच काम जास्त. बारामतीकरांचं ऐकलंत तर गोत्यात याल.

अक्षरी धरायचं हा नियम निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १८ मध्ये आहे, तो चेक आणि प्रॉमिसरी नोटसाठी. इतर दस्तातही कोर्टाचा कल अक्षरीकडे असतो हे खरं, पण तो भांडण झाल्यावर न्यायाधीशाने अर्थ लावायचा मार्ग आहे, तुम्ही-आम्ही दस्त सुधारायचा नाही. या दस्तात खरं ठरलेलं भाडं २२ असेल आणि भाषांतर करणाऱ्याने जुन्या मसुद्यातलं पंचवीस उचललं असेल तर? तुम्ही २५ केलंत की आकडा आणि अक्षर जुळतील, कोणाला शंका येणार नाही, चूक कायमची गाडली जाईल. आत्ता निदान विसंगती दिसतेय तरी.

म्हणून रक्कम, तारीख, क्षेत्रफळ, नाव, गट नंबर यातलं काहीही कुठल्याही लेव्हलच्या कामात स्वतः बदलायचं नाही. समासात प्रश्न टाकायचा आणि दोन्ही आकडे कुठल्या कलमात आहेत ते लिहायचं.

आता तुमची "सदर इमारत" घ्या, कारण तीन प्रकारच्या कामातला फरक या एकाच जागी दिसतो. समजा तिथे "सदर ईमारत" असं दीर्घ ई घालून लिहिलंय. प्रूफ बघणारा ई चा इ करणार आणि पुढे जाणार, ते बरोबरच आहे, तेवढंच त्याचं काम. कॉपी एडिटिंग करणाऱ्याने व्याख्येचा तक्ता करून ठेवलेला असतो, कुठला शब्द कुठल्या कलमात कशासाठी ठरवला त्याचा. त्याला दिसणार की हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरलाय. तो प्रश्न टाकणार, हवं तर सुचवणार की जुनीला "विद्यमान इमारत" आणि नवीला "नवीन इमारत" म्हणा, आणि होकार आला की सगळ्या जागी तेच लावणार. आणि सब्स्टँटिव्ह काम करणारा विचारणार की मुळात भोगवटा दाखला आल्यावर भाडं थांबतं का ताबा दिल्यावर, आणि दाखला एकाच विंगला मिळाला तर काय, आणि त्याप्रमाणे कलमच नव्याने लिहिणार. हे तिसरं तुमचं काम नाही.

बिनधास्त_बारामती

हो पण असा प्रश्न टाकत बसलो तर क्लायंट म्हणणार तुम्हाला येत नाही म्हणून विचारताय. माझा अनुभव आहे. (वृत्तपत्रातला)

खरेदीखत

वृत्तपत्रात उद्या दिलगिरी छापता येते ना. हा करारनामा नोंदणीला जाणार. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि त्यावर मूळ दस्तातल्या सगळ्यांच्या सह्या. या दस्तात सोसायटी, बिल्डर आणि बहुतेक संमती म्हणून प्रत्येक सभासद. त्यातला एक अमेरिकेत मुलाकडे गेलेला असतो, एक वारलेला असतो आणि वारसांची नोंद झालेली नसते. आणि एखादी पार्टी नाहीच म्हणाली तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली दावा, आणि त्यात दोघांच्या मनात मुळात काय होतं ते सिद्ध करत बसायचं. सहीच्या वेळी पेनने खाडाखोड केली तर तीही तशी चालत नाही, सही करणाऱ्यांनी त्या खाडाखोडीजवळ सही किंवा इनिशियल केलं नाही तर दुय्यम निबंधक दस्त घ्यायला नकार देऊ शकतो.

टोरोंटोचा_तात्या

मी इकडे कॅनडात एडिटिंग करतो, सरकारी आणि कॉर्पोरेट दोन्ही. आमच्याकडे हा विषय निघाला की रॉजर्स आणि अलायंटची गोष्ट निघतेच, ती शाईताईंच्या कामाला इतकी लागू आहे की सांगतोच.

रॉजर्स ही इथली केबल कंपनी, अलायंट टेलिफोन कंपनी. रॉजर्सने अलायंटशी खांबांवरून केबल न्यायचा करार केला होता. कलमाचा अर्थ असा की करार पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर आणखी पाच-पाच वर्षं, जोवर कोणी एक वर्षाची नोटीस देऊन संपवत नाही तोवर. रॉजर्स म्हणे नोटीस पहिली पाच वर्षं झाल्यावरच देता येते. पण "आणखी पाच-पाच वर्षं" नंतर एक स्वल्पविराम पडला होता, आणि त्यामुळे ती नोटीसची अट सगळ्या वाक्याला लागते असा अर्थ निघाला, म्हणजे पहिल्या पाच वर्षांतही करार मोडता येतो. २००६ साली इथल्या टेलिकॉम नियामकाने अलायंटच्या बाजूने निकाल दिला.

लोक गोष्ट इथेच संपवतात, "बघा एका स्वल्पविरामाची किंमत". पुढचा भाग जास्त कामाचा आहे. त्या कराराचा फ्रेंच मसुदाही होता, त्यात ही संदिग्धता नव्हती, आणि २००७ मध्ये त्याच्या आधाराने नियामकाने स्वतःचाच अर्थ फिरवला.

शाईताई तुमच्याकडे मराठी आहे, मूळ इंग्रजी आहे. इंग्रजी तुम्हाला दिलंय का? आणि दोन्हीत फरक पडला तर कुठलं मान्य धरायचं असं कलम आहे का शेवटी? कारण नुसतं मराठी वाचणं वेगळं काम आणि इंग्रजीशी ओळीओळीने ताडून बघणं हे वेगळं काम, वेळ सरळ दुप्पट होतो माझ्या हिशोबात. छापखान्यात कॉपी होल्डर मोठ्याने वाचायचा ना, तसंच.

शाईची_बाटली

इंग्रजी नाही दिलं! मागायला सुचलंच नाही. आणि हो, ४४व्या पानावर आहे की मतभेद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य.

कॉपी होल्डरवरून बरं वाटलं, मी तीन वर्षं तेच केलंय.

खरेदीखत

इंग्रजी ग्राह्य असेल तर मराठी प्रत बहुतेक सभासदांना वाचायला म्हणून आहे. तरी मराठीत चूक म्हणजे सभासद वेगळंच समजून सही करणार. वाद त्यातूनच निघतात.

कोटेशनच्या आधी हे विचारा. दस्त कुठल्या टप्प्यावर आहे, बोलणी चालू आहेत का अंतिम झालाय? अंतिम असेल तर तुम्हाला फक्त प्रूफ आणि प्रश्न, एकही वाक्य सुबक करायचं नाही, कारण दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्या बेढब वाक्यावरच हो म्हटलेलं असतं. "करील" चं "करेल" सुद्धा एकट्याने नको. आणि "करू शकेल" चं "करील" तर अजिबातच नाही, एकात मुभा आहे आणि एकात बंधन. भाषेच्या माणसाला दोन्ही वाक्यं सारखी वाटतात, त्यामुळे सर्वात जास्त अपघात इथेच होतात.

दुसरं, प्रश्नांची उत्तरं कोण देणार? मधला एजंट नको. वकिलाचं नाव मागा आणि किती दिवसांत उत्तर येणार ते लिहून घ्या. तिसरं, फाईल वर्डमध्ये आहे का पीडीएफ.

फॉन्टवाला

फाईलबद्दल माझे दोन पैसे. मी डीटीपी करतो, सोळा वर्षं.

जुन्या श्रीलिपीतलं मटेरियल युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केलेलं असलं तर रफार एक अक्षर सरकतो, "ऱ्य" चं काहीतरीच होतं, हे सगळं डोळ्याला दिसतं तरी. स्कॅनवरून ओसीआर केलेलं असेल तर १ आणि ९ ची अदलाबदल होते आणि ती दिसतच नाही, कारण ९१/१ हाही गट नंबर आणि १९/१ हाही गट नंबर. मिळकतीचं परिशिष्ट वाचताना बाजूला सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड पाहिजेच, आणि चतुःसीमा पण ताडायच्या. मी असं परिशिष्ट उलटं वाचतो, शेवटच्या ओळीकडून वर, म्हणजे डोळा अंदाजाने पुढे पळत नाही.

आणि ते कलम ९.३. वर्डमध्ये कलमांचे नंबर आपोआप पडलेत का आणि संदर्भ हाताने टाईप केलेत का ते बघा. बहुतेक तसंच असतं. मध्ये कोणी एक कलम काढलं की पुढचे नंबर सरकतात, हाताने टाईप केलेला "९.३" तिथेच बसलेला. संदर्भ फील्ड म्हणून टाकलेले असतील तर कॉपीवर (मूळ फाईलवर नको!!) हे करून बघा:

```
Ctrl+A
F9
```

तुटलेल्या जागी `Error! Reference source not found.` असं उमटतं, मग ते शोधून यादी करायची. हाताने टाईप केलेले असतील तर मात्र F9 काही करत नाही, "कलम" हा शब्द शोधत एकेक बघायचं.

शाईची_बाटली

फॉन्टवाले दादा, हाताने टाईप केलेलेच निघाले. एकशे बारा संदर्भ आहेत. 😐

बरं मग हिशोब असा करू का. त्याच पाच पानांवर आज परत बसले, यावेळी फक्त शुद्धलेखन, अंक, नंबर, आणि शंका आली तिथे खूण. ४० मिनिटं लागली. म्हणजे ४६ पानांना सहा तासांच्या वर थोडं. आणि पहिल्या दिवशी जे केलं, व्याख्या ताडणं, संदर्भ तपासणं, तशा रीतीने सगळं केलं तर वीस तास. इंग्रजीशी ताडायचं तर वर आणखी. पानाला ३० म्हणजे १३८० रुपये होतात. वीस तासांचे!

टोरोंटोचा_तात्या

अगदी असंच करायचं. स्वतःच्या हाताने पाच पानं दोन पद्धतींनी आणि घड्याळ लावून. पण पाच पानं सलग घेऊ नका, सुरुवातीची पानं नेहमी स्वच्छ असतात, सगळ्यांनी तीच वाचलेली असतात. एक पान व्याख्यांचं, दोन मधली, एक पैशाचं कलम, एक परिशिष्ट.

आणि कोटेशनमध्ये "प्रूफरीडिंग" हा शब्दच एकटा ठेवू नका. माझ्याकडे प्रत्येक क्लायंटचा अर्थ वेगळा निघालाय. काय करणार ते क्रियापदांनी लिहा: शुद्धलेखन सुधारीन, कलमांचे संदर्भ तपासून यादी देईन, व्याख्या केलेल्या शब्दांची विसंगती दाखवीन, रकमा आकडी-अक्षरी ताडीन. आणि काय नाही करणार तेही: कलमाचा आशय बदलणार नाही, कायदेशीर पूर्तता तपासणार नाही, इंग्रजीशी ताडणार नाही, किंवा ताडणार असाल तर त्याचे वेगळे पैसे.

बिनधास्त_बारामती

मान्य, २५ चं मागे घेतो. पण एक सांगा, शाईताईंना चांगलं कळतंय की कलमात गडबड आहे, त्यांनी सरळ नीट लिहून दिलं तर बिघडलं कुठे? वकील तरी वेगळं काय करणार.

खरेदीखत

दुसऱ्यासाठी पैसे घेऊन दस्ताचा आशय ठरवणं ही वकिली होते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये परदेशी लॉ फर्म्सच्या खटल्यात सांगितलंय की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कोर्टाबाहेरचं कामही त्यात येतं, आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे ती सनद असलेल्यानेच करायची.

बिनधास्त_बारामती

मग तहसीलसमोर टपरी टाकून बसलेले दस्तलेखक काय करतात ओ? आमच्या इकडे निम्मी खरेदीखतं तेच लिहितात.

खरेदीखत

तो वेगळा वादाचा विषय आहे आणि त्यात मला इथे पडायचं नाही. 🙂 ठरलेल्या नमुन्यात नावं-गट नंबर भरणं आणि ४६ पानी विकसन करारनाम्यातलं कलम नव्याने लिहिणं यात फरक आहे एवढं तरी मान्य कराल.

टोरोंटोचा_तात्या

पण एक विचारतो. समजा प्रूफ बघताना दिसलं की "बांधकाम २४ महिन्यांत पूर्ण करील" पण २४ महिने कधीपासून तेच नाही, बांधकाम परवानगीपासून का घरं रिकामी केल्यापासून. हे ठरलेल्या कामात बसत नाही. सांगायचं का? मी सांगतो, वेगळ्या कागदावर, "कामाच्या कक्षेबाहेर, सहज नजरेस आलेलं" असं वर लिहून.

खरेदीखत

मी सांगू नका म्हणेन. निदान लेखी नको. तुम्ही एक दाखवलंत की क्लायंट धरतो की सगळं तपासलंय. उद्या भाड्याच्या कलमात भोक निघालं तर म्हणेल २४ महिने दिसले तर हे कसं नाही दिसलं. वकिलाला फोन करून सांगा फार तर.

टोरोंटोचा_तात्या

फोनचा पुरावा राहत नाही, आणि गप्प बसून ३२ का ४० कुटुंबं घर रिकामं करणार हे मला झोपू देणार नाही. इथे आपलं जमणार नाही ताई.

सोसायटी_सेक्रेटरी

मला विचाराल तर सांगावं. आमच्या ड्राफ्टमध्ये हेच आहे!! आत्ता बघितलं. २४ महिने आणि कधीपासून ते नाही. उद्याच कमिटीत काढतो. वकिलांनीही नव्हतं सांगितलं.

शाईची_बाटली

अपडेट देते, बारा दिवस झाले.

त्यांना दोन कोटेशनं दिली. एक नुसतं प्रूफ, सात तास. दुसरं व्याख्या-संदर्भ-रकमांसकट, बावीस तास, आणि इंग्रजीशी ताडणं वेगळं. वर लिहिलं की आशय बदलणार नाही आणि वकिलांची उत्तरं आल्याशिवाय शेवटची प्रत देणार नाही. मधला माणूस चिडला, म्हणाला एवढ्यात तर नवीन करार लिहून होतो. मग मी भाड्याची ती एकच ओळ फोटो काढून पाठवली. अर्ध्या तासात वकिलांच्या ऑफिसातूनच फोन आला. दुसरं कोटेशन मान्य झालं, इंग्रजीशी ताडणं मात्र फक्त पैशाच्या कलमांपुरतं आणि परिशिष्टांपुरतं, ते मला पटलं.

एकतीस प्रश्न गेले. भाडं २२ पण नव्हतं आणि २५ पण नव्हतं, इंग्रजीत पहिलं वर्ष २२ आणि दुसरं २५ होतं, भाषांतरात एक अख्खं उपवाक्य गळलं होतं. बारामतीकर, काय म्हणता? "सदर इमारत" तेहेतीस जागी होती, त्यातल्या चौदा नव्या इमारतीच्या. त्यांनी "विद्यमान" आणि "नवीन" असं मान्य केलं, पण दोन जागी वकीलच म्हणाले की थांबा, बिल्डरच्या वकिलांना विचारून सांगतो, तिथे अजून "सदर"च आहे.

एक चूक माझी झाली. मी एकच फेरी धरली होती. माझी प्रत गेल्यावर त्यांच्या ऑफिसात कोणीतरी सहाव्या कलमानंतर पार्किंगचं नवीन कलम घातलं, आणि माझे तपासलेले एकशे बारापैकी बहुतेक संदर्भ एकाने मागे पडले. आता परत तपासायचे तर त्याचे पैसे मागायचे कसे, कोटेशनमध्ये "अंतिम प्रतीची एक फेरी" असंच लिहिलंय आणि अंतिम म्हणजे कुठली ते लिहिलं नव्हतं.

फॉन्टवाला

वर्डमध्ये दोन्ही प्रतींवर `Compare` मारून बदललेली पानंच बघा आणि तेवढ्या तासांचं बिल करा. नंबर सरकलेत ते मात्र `Compare` मध्ये दिसणार नाहीत, हाताने टाईप केलेले संदर्भ बदललेलेच नाहीत ना, प्रॉब्लेम तोच आहे.

खरेदीखत

शाईताई, ते दोन "सदर" राहिलेत ते कुठल्या कलमात आहेत? एक भाडं थांबण्याच्या कलमात असेल तर सही होऊ देऊ नका म्हणावं त्यांना.

शाईची_बाटली

एक भाड्याच्याच कलमात आहे. आत्ता फोन लावतेय.